पाण्याची तक्रार परत आली, शेरा: "ठिकाण, कालावधी व पूर्वीचा तक्रार क्रमांक नमूद करावा"

शेतवाट

आमच्या गल्लीत पाण्याचा खेळखंडोबा चालू आहे. शेवटी सगळ्यांच्या सह्या घेऊन नगरपालिकेला पत्र दिलं. ते कोपऱ्यात लाल पेनाने वरचा शेरा मारून परत आलं. पत्र आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी लिहिलं होतं. ते निवृत्त शिक्षक आहेत, भाषा चोख आहे. जसंच्या तसं देतो, फक्त शहराचं नाव काढलंय.

"माननीय मुख्याधिकारी साहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या भागात गेल्या बऱ्याच दिवसांपासून पाणीपुरवठा अत्यंत अनियमित होत आहे. त्यामुळे नागरिकांचे, विशेषतः महिला व ज्येष्ठांचे प्रचंड हाल होत आहेत. याबाबत यापूर्वी वारंवार तक्रारी करूनही दखल घेतली गेलेली नाही. तरी आपण या गंभीर प्रश्नी जातीने लक्ष घालून पाणीपुरवठा सुरळीत करावा, ही नम्र विनंती. आपले विश्वासू, समस्त रहिवासी."

आता सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? खाली तीसेक सह्या आहेत, त्यातल्या निम्म्या माणसांना तो कारकून नावानिशी ओळखतो. तरी "ठिकाण नमूद करा". हा टोलवाटोलवीचा प्रकार आहे की खरंच काही लिहायचं राहिलंय?

पेडण्याचो_चेडो

पत्रच चुकीच्या दारात गेलंय रे. गोव्यात पाणी पालिकेचं नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचं, म्हणजे साबांखाचं. मुंबई-पुण्याला महापालिका पाणी देते, म्हणून लोकांना वाटतं इथेही तसंच. पालिकेचा पाण्याशी काडीचा संबंध नाही. ते पत्र फाडून टाका आणि साबांखाला नवं द्या.

सुमतीबाय

आमच्याकडे पण हाच त्रास हो. नळाला पाणी नाही, नुसती फुसफुस हवा येते आणि मीटर गरागरा फिरतो. मागच्या खेपेला बिल दुप्पट आलं. बिल कमी करून घ्यायला पत्र कोणाला लिहायचं? कोणाकडे नमुना असेल तर टाका.

ओपारोड

पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलं, म्हणून बोलतो.

सुमतीबाय, तुमचं प्रकरण वेगळं आहे. घरातले सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का बघा. पाणी यायच्या आधी हवेने फिरत असेल तर मोबाईलवर चित्रीकरण करा, आधीचं आणि नंतरचं रीडिंग दिसेल असं. ते घेऊन बिलावर छापलेल्या उपविभागात जा. यावर वेगळा धागा काढलात तर बरं, इथे दोन्हीचा गुंता होईल.

पेडणेकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. नळाचं पाणी राज्य सरकारचं खातं देतं. पूर्वी तो साबांखाचा विभाग होता, आता पेयजल खातं वेगळं काढलंय. पण पालिकेचा संबंध नाही असं म्हणू नका. पालिकेच्या रस्त्याखाली वाहिनी असेल तर तो रस्ता खोदायची परवानगी पालिका देते. केबलवाल्यांनी खोदलं असेल तर त्यांनाही तिनेच दिलेली असते. तेव्हा पत्र फाडायचं नाही. मुख्य पत्र खात्याच्या उपविभागाला जाऊ दे आणि प्रत पालिकेला.

शेतवाट, आता तुमचं. कारकून तुम्हाला ओळखतो हे खरं, पण पत्र कारकुनापाशी राहत नाही. पालिकेतून ते दुसऱ्या खात्यात जातं, तिथून कनिष्ठ अभियंत्याकडे आणि शेवटी व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाकडे. त्याला "आमच्या भागात" म्हणजे कुठे? एवढ्या गोष्टी सांगा: गल्ली कुठून कुठे जाते, चढ आहे की उतार? सगळ्यांना पाणी कमी आहे की काहींनाच? आधी किती वाजता यायचं, आता किती वाजता येतं? त्रास कधी सुरू झाला, आणि त्याच सुमाराला तिथे कोणी रस्ता खोदला का?

शेतवाट

गल्ली कपेलाच्या चौकातून सुरू होते आणि उतरत उतरत शेतापर्यंत जाते. वरच्या टोकाला जुनी घरं, खाली आमची इमारत. आधी पहाटे साडेपाचला यायचं ते आठपर्यंत असायचं. आता कधी सहाला येतं, कधी सातला, दीड तासात बंद. त्रास आम्हा खालच्या लोकांना जास्त. कधीपासून म्हणाल तर शिगम्याच्या सुमारास. खोदाई झाली होती खरी, वीजवाल्यांची भूमिगत केबल टाकली. पण ते काम दोन दिवसांत आटोपलं. पहिली पाच-दहा मिनिटं पाणी गढूळ येतं, ते आम्ही सोडून देतो, त्याचं काही नाही.

ओपारोड

त्याचं काही नाही? अहो, तुमच्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि नेमकी तीच पत्रात नाही.

पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते आणि आत ओढ निर्माण होते. कुठे तडा गेला असेल, सांधा ढिला झाला असेल, तर बाहेरची माती, गटाराचं पाणी त्या फटीतून आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडल्यावर ते आधी तुमच्या नळाला येतं. पाणी चालू असताना त्याच फटीतून ते बाहेर जातं, म्हणून खालच्या टोकाला दाब कमी. गढूळ पाणी, उताराच्या तळाशी कमी दाब, आणि दोन्ही गोष्टी केबलच्या खोदाईनंतर. वरून पाणीच कमी सुटत असतं तर चढावरची घरं आधी कोरडी पडली असती. तुमच्याकडे उलटं आहे, खालचेच कोरडे. म्हणजे मधे कुठेतरी पाणी गळतंय किंवा अडतंय. मी तिथे येऊन बघितलेलं नाही, म्हणून हे पक्कं समजू नका. पण लाईनमनला पहिल्यांदा बघायला मी हेच सांगितलं असतं.

"अनियमित" या एका शब्दात तीन वेगळी दुखणी बसतात. वेळ बदलली असेल तर व्हॉल्वचं वेळापत्रक बघायचं. दाब कमी असेल तर गळती किंवा अडथळा शोधायचा. काही दिवस अजिबातच येत नसेल तर वर टाकीत किंवा पंपिंगला बिघाड. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मुख्य वाहिन्या फुटल्या तेव्हा फोंडा आणि तिसवाडी दोन्ही तालुक्यांत कित्येक दिवस ठणठणाट होता. तेव्हा कोणी गल्लीचं नाव लिहिलं नसतं तरी चाललं असतं, सगळ्यांनाच माहीत होतं. एका गल्लीचं दुखणं तसं नसतं. ते वर बसलेल्या माणसाला दिसत नाही, कागदावर दाखवावं लागतं.

आणि तोवर ते पाणी उकळून प्या. गढूळपणा गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असं नाही.

कुळागर

एवढं सगळं लिहून काय होतं? आमच्या वाड्यावर वरच्या तीन घरांनी थेट लाईनला मोटर लावली होती. पाणी आलं की ती मोटर सुरू, आणि खालच्यांना पिंपभर पण मिळेना. पत्रं देऊन दमलो. शेवटी एका पहाटे लाईनमनलाच घेऊन गेलो, आवाज ऐकवला, तेव्हा मोटरी निघाल्या. शेतवाट, तुमच्या वरच्या घरांत कोणी मोटर लावलीय का बघा आधी.

ओपारोड

कुळागर म्हणतात ते शक्य आहे. पण मोटरने नुसती ओढ होईल, वर चाक फिरवल्यासारखी वेळ दीड तासावर येणार नाही. दोन्ही तपासा. पत्रात मात्र शेजाऱ्यांवर आरोप नको. "थेट वाहिनीला पंप जोडलेला आहे का याचीही पाहणी व्हावी" एवढं पुरे.

अर्जविनंती

कालावधीबद्दल एक. "शिगम्याच्या सुमारास" पत्रात चालणार नाही, तारीख लागते. आठवत नसेल तर इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये "पाणी" शब्द शोधा. पहिला "आज पाणी आलं का?" हा संदेश ज्या दिवशी पडला ती तुमची तारीख. टँकर मागवला असेल तर त्याच्या पावतीवरही तारीख असते. उगीच अंदाजाने तारीख ठोकू नका. केबलच्या कामाशी ती जुळली नाही तर तुमचंच म्हणणं पडतं.

आणि पूर्वीच्या तक्रारीचा क्रमांक कुठे आहे?

शेतवाट

ग्रुपमध्ये शोधलं. पहिला संदेश 11 मार्चचा, केबलवाले 9 आणि 10 मार्चला होते. हे आधी कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

क्रमांकाचं असं, 18 मार्चला फोन केला होता, त्यांनी "बघतो" म्हटलं, क्रमांक दिला नाही. 2 एप्रिलला पालिकेत लेखी दिलं. त्याच्या प्रतीवर शिक्का आहे, पण शाई पसरल्यामुळे नुसती तारीख वाचता येते. मग क्रमांक कुठून आणायचा?

ओपारोड

फोनला क्रमांक नाही तर नाही. "18 मार्च रोजी दूरध्वनीवरून कळवले, क्रमांक दिला गेला नाही" असं सरळ लिहा.

2 एप्रिलचा क्रमांक सापडेल. ती प्रत घेऊन आवक खिडकीवर जा. आवक नोंदवही तारखेनुसार असते, त्या दिवसाच्या नोंदी बघायला वेळ लागत नाही. पण तिथेच थांबू नका. तुमचं पत्र पाण्याचं आहे म्हणजे पालिकेने ते पुढे पाठवलं असणार. पाठवलं असेल तर त्याला जावक क्रमांक पडलेला असतो. तो विचारा. पाणी खात्याच्या कचेरीत पालिकेचा आवक क्रमांक सांगून काही उपयोग नाही, त्यांच्या वहीत तो नसतो. त्यांच्याकडे पालिकेच्या पत्राचा जावक क्रमांक असतो आणि त्यांनी स्वतः दिलेला आवक क्रमांक. लोक "आम्ही तक्रार दिली होती" म्हणतात, हे म्हणतात "आमच्याकडे आलीच नाही", आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

क्रमांक जोडला नाही की प्रत्येक पत्र नवीन तक्रार ठरतं. तुमची तिसरी तक्रार त्यांच्या लेखी पहिली असते. साहेबाला उशीर दिसतच नाही.

पेडण्याचो_चेडो

मी म्हणतो इंग्रजीत लिहा. मराठी पत्र वर गेलं की पडून राहतं. अनुभव आहे.

अर्जविनंती

हा तुमचा अनुभव असेल, पण 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी मराठीच्या वापराची सोय आहे. मराठीत दिलेलं पत्र नाकारता येत नाही. मी कायम मराठीतच देतो.

पेडण्याचो_चेडो

नाकारता येत नाही आणि वाचतात, यात फरक आहे ना पण.

शेतवाट

पालिकेत जाऊन आलो. आवक क्रमांक मिळाला. आणि खरंच, 2 एप्रिलचं पत्र 15 एप्रिलला पुढे पाठवलेलं निघालं, जावक क्रमांकासकट. खात्याच्या उपविभागात विचारलं तर ते म्हणाले पत्र आलंय, पण "जागा कळली नाही म्हणून प्रलंबित". म्हणजे तो कागद तिथे महिनाभर नुसता पडून होता.

नवा मसुदा देतो. नावं आणि क्रमांक गाळलेत.

"प्रति, साहाय्यक अभियंता, पाणीपुरवठा उपविभाग. प्रत: मुख्याधिकारी, नगरपालिका.

विषय: ….. वाडा, प्रभाग ….., कपेलाच्या चौकापासून शेताकडे उतरणाऱ्या गल्लीतील कमी दाबाचा व गढूळ पाणीपुरवठा.

संदर्भ: (1) 18 मार्च रोजी दूरध्वनीवरून केलेली तक्रार, क्रमांक दिला गेला नाही. (2) नगरपालिका आवक क्र. ….., दि. 2 एप्रिल. (3) नगरपालिकेचे आपणांस पत्र, जावक क्र. ….., दि. 15 एप्रिल.

महोदय, वरील गल्लीत 11 मार्चपर्यंत रोज पहाटे 5.30 ते 8 पाणी येत असे. त्या दिवसापासून ते 6 ते 7 च्या दरम्यान केव्हाही येते आणि सुमारे दीड तासात बंद होते. गल्लीच्या खालच्या अर्ध्या भागात दाब फारच कमी आहे. मीटरजवळच्या नळाला 20 लिटरची बादली भरायला 7 मिनिटे लागतात. पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ असते. 9 व 10 मार्च रोजी या गल्लीत भूमिगत केबलसाठी खोदाई झाली होती. तेव्हा जलवाहिनीला इजा झाली असावी अशी शंका आहे. कृपया गळतीची व व्हॉल्वची पाहणी करावी, थेट वाहिनीला पंप जोडलेले आहेत का तेही पाहावे, आणि पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. पाहणीच्या वेळी जागा दाखवण्यास आम्ही हजर राहू. ग्राहक क्रमांकांची यादी सोबत जोडली आहे."

अध्यक्षांना हे आवडलेलं नाही. "पत्राला काही भावना नको का?" म्हणतात.

ओपारोड

भावना अध्यक्षांना दुसऱ्या पत्रात घालू दे. हे उत्तम आहे. बादलीची गोष्ट छान केलीत. ती संपमधल्या नळाला नाही, मीटरजवळ मोजलीत हेही बरं झालं, नाहीतर "तुमच्या घरातली पाईप तुंबलीय" म्हणून मोकळे झाले असते.

हिशोबच करा ना. 7 मिनिटांना 20 लिटर, म्हणजे दीड तासात साधारण 257 लिटर. घरात पाच माणसं धरली तर माणशी पन्नासेक. शहरात माणशी 135 लिटर धरून योजना आखतात. हा आकडा पत्रात टाकायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी टाकला असता.

एकच सुचवतो. ग्राहक क्रमांकांच्या यादीत वरच्या टोकाच्या, ज्यांना पाणी ठीक येतं त्यांच्यापैकी एक-दोन घरं पण घ्या, त्यांची वेळ आणि बादली लिहून. पाणी कुठपर्यंत ठीक आहे आणि कुठून बिघडलं, हे त्यावरून समजतं. खोदायची जागा तेवढ्यात सापडते.

कुळागर

वरचे लोक देतील का क्रमांक? आमचे नसते देत.

अर्जविनंती

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात जा. दहा रुपये शुल्क, तीस दिवस. "पाणी का येत नाही?" असं विचारू नका, "का" ला उत्तर देत नाहीत. त्या गल्लीच्या व्हॉल्वचं मार्चपासूनचं वेळापत्रक आणि तुमच्या 15 एप्रिलच्या पत्रावर झालेल्या कारवाईच्या नोंदीची प्रत मागा. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो. साध्या तक्रारीला तसं बंधन नाही, म्हणून तुमचं पत्र पालिकेत पंधरवडा राहिलं.

शेतवाट

पत्र देऊन झालं. वरच्या एकाच घराने क्रमांक दिला, बाकीच्यांनी "आम्हाला कशाला गुंतवता" म्हटलं.

कनिष्ठ अभियंता आणि लाईनमन येऊन गेले. कपेलाजवळचा व्हॉल्व अर्धाच उघडा निघाला, केबलच्या कामाच्या वेळी बंद केला आणि पूर्ण उघडायचा राहिला असं लाईनमन म्हणाला. तो उघडल्यावर दाब सुधारला आहे, बादली आता साडेतीन मिनिटांत भरते. वेळ मात्र तशीच आहे, आणि पहिलं पाणी अजून गढूळ. अभियंता म्हणाले गळती शोधायला रस्ता खोदावा लागेल, त्याला पालिकेची परवानगी हवी, आणि आता पावसाळा तोंडावर आलाय.

पेडण्याचो_चेडो

झालं. चवथीपर्यंत वाट बघा आता. पावसात कोणी रस्ता खोदू देत नाही.

ओपारोड

नव्या कामासाठी खोदू देत नाहीत, गळती दुरुस्तीचं तसं नसतं. तरी तुमची पालिका काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. नमुन्याचा अहवाल आला का? पाणी दूषित निघालं तर परवानगी मिळवणं सोपं जाईल. अहवाल हातात येईपर्यंत थांबा, मग खोदाईसाठी पालिकेला वेगळं पत्र द्या. त्यात ह्या पत्राचा उपविभागातला आवक क्रमांक घाला.

शेतवाट

नमुना घेतलाय, अहवाल आलेला नाही. कधी मिळेल विचारलं तर "येईल" म्हणाले. त्याचा क्रमांक मात्र या वेळी घेऊन ठेवलाय.